प्रेमात पडणं एमाच्या स्वभावात नाही: एका खोट्या समजाची छत्तीस प्रकरणांची परीक्षा

जेन ऑस्टेनची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर 1815 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तीन खंड, मिळून 55 प्रकरणं. दहाव्या प्रकरणात नायिका आपल्या मैत्रिणीला सांगते की आपण कधी प्रेमात पडलो नाही, ते आपल्या स्वभावातच नाही आणि पुढंही कधी पडू असं वाटत नाही. सत्तेचाळिसाव्या प्रकरणात तिला कळतं की हे खरं नव्हतं. मधली छत्तीस प्रकरणं तिच्या या समजाची परीक्षा घेतात, आणि तिला मात्र बहुतेक वेळा परीक्षा चालू असल्याचा पत्ताही नसतो. नायिकेला स्वतःबद्दल एक खोटा समज देऊन कथानकाकडून तो हळूहळू तपासून घेणं कसं जमतं, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून इथे ती एकच कादंबरी घेतो आणि तिची बांधणी उसवून बघतो. कथानक शेवटपर्यंत उघड करावं लागणार आहे, तेव्हा ज्यांना आधी कादंबरी वाचायची आहे त्यांनी ती वाचून मग इकडे यावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. एमा वुडहाउस एकविशीला टेकलेली आहे. लंडनपासून सोळा मैलांवरच्या हायबरी गावात हार्टफील्ड नावाच्या मोठ्या घरात राहते. आई लहानपणीच गेली, थोरली बहीण लग्न होऊन लंडनला आहे, वडील प्रकृतीच्या काळजीत बुडालेले आणि मुलीच्या शब्दाबाहेर न जाणारे. तिच्या नावावर तीस हजार पौंड आहेत. तिला चुकतेस म्हणून सांगणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे शेजारच्या डॉनवेल इस्टेटीचा मालक मिस्टर नाइटली. वय सदतीस-अडतीस, एमाच्या बहिणीचा थोरला दीर. त्यामुळे घरात रोजचं येणंजाणं.

समज कुठून आला

खोटा समज पटायचा असेल तर त्याला जन्म हवा आणि त्यातून नायिकेला काहीतरी मिळत असायला हवं. नवी हस्तलिखितं वाचताना मला सगळ्यात जास्त उणीव इथेच दिसते. नायिका स्वतःला कुरूप समजते, नालायक समजते, एकटी राहण्याच्या लायकीची समजते. पण हा समज धरून ठेवण्यात तिचा फायदा काय, हे पानावर कुठंच नसतं. ज्यात काहीच फायदा नाही तो समज माणूस पहिल्या धक्क्यालाच सोडून देईल.

एमाचं गणित ऑस्टेन अगदी स्पष्ट मांडते. लग्न करायला बायकांना जी कारणं असतात त्यांतलं एकही मला लागू नाही, असं ती त्याच दहाव्या प्रकरणात म्हणते. पैसा आहे, हाताशी काम आहे, मान आहे. नवऱ्याच्या घरात बायकोचं जेवढं चालतं त्याहून जास्त तिचं हार्टफील्डमध्ये चालतं. हे सगळं खरं आहे, आणि खोटा समज या खऱ्या पायावरच उभा आहे. 1815 च्या इंग्लंडमध्ये लग्न ही बाईची पोटापाण्याची सोय होती. एमाला त्या सोयीची गरज नाही, आणि त्यावरून ती असं अनुमान काढते की आपल्याला त्या भावनेचीही गरज नाही. अनुमानातली ही एक पायरी चुकलेली आहे. वाचकालाही ती पटकन दिसत नाही, कारण त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत.

याला जोडून दुसरा समज येतो, आणि कादंबरीतल्या सगळ्या घटना त्याच्यामुळे घडतात. आपल्याला माणसांची मनं वाचता येतात, असं एमाला वाटतं. त्याला पुरावाही आहे. पहिल्याच प्रकरणात तिच्या गव्हर्नेसचं, मिस टेलरचं, मिस्टर वेस्टनशी नुकतंच लग्न झालेलं आहे आणि एमा सांगते की हे लग्न मी जुळवलं. चार वर्षांपूर्वी एकदा रस्त्यात पाऊस भुरभुरू लागला तेव्हा मिस्टर वेस्टन धावत जाऊन दोन छत्र्या मागून घेऊन आले, आणि त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, असं तिचं म्हणणं. नाइटली तिथेच सांगतात की तू काही जुळवलेलं नाहीस, तुझा अंदाज खरा ठरला एवढंच. ती ऐकत नाही, आणि ऐकेल कशाला? अंदाज खरंच खरा ठरलेला आहे.

हे दोन समज एकमेकांना धरून आहेत. ज्या बाईला स्वतः प्रेमात पडायचं नाही तिला इतरांच्या प्रेमाची सूत्रं हलवण्यात रस वाटतो, आणि सूत्रं हलवताना ती स्वतः खेळाच्या बाहेर आहे असं तिला वाटत राहतं. ऑस्टेन सतत दुसऱ्या समजाची परीक्षा घेते. पहिल्याला ती उघडपणे जवळजवळ हातच लावत नाही. लिहिणाऱ्यानं इथे थांबून बघण्यासारखं आहे. घटना दिसायला सगळ्या इतरांविषयी आहेत, त्यामुळे नायिका बेसावध राहते आणि वाचकही बेसावध राहतो.

पहिला तडाखा, आणि चुकीचा धडा

हॅरिएट स्मिथ सतरा वर्षांची आहे, दिसायला गोड, स्वभावानं मऊ, आणि तिचे आईवडील कोण हे कुणाला माहीत नाही. गावातल्या शाळेत ती राहते. एमा तिला आपल्या पंखाखाली घेते. रॉबर्ट मार्टिन हा सरळ, कष्टाळू शेतकरी हॅरिएटला पत्रातून मागणी घालतो, आणि एमा तिच्याकडून नकार लिहून घेते, कारण तिच्या मनात हॅरिएटसाठी गावचे धर्मगुरू मिस्टर एल्टन आहेत. एल्टन हार्टफील्डला सारखे येतात. एमा हॅरिएटचं चित्र काढते तेव्हा ते कौतुकानं वेडे होतात आणि चौकट करून आणायला ते चित्र स्वतः लंडनला घेऊन जातात. एमाच्या मते हे सगळं हॅरिएटच्या प्रेमापोटी.

एक बारकावा जवळून बघू. नवव्या प्रकरणात एल्टन एक शब्दकोडं लिहून देतात. उत्तर प्रियाराधन असं आहे, आणि शेवटी ते जिला उद्देशून लिहिलं तिच्या तल्लख बुद्धीचा उल्लेख येतो. एमा तिथे क्षणभर अडखळते. हॅरिएट आणि तल्लख बुद्धी? हॅरिएटला तर ते कोडंही सुटत नाही, मासळ्या आणि जलपऱ्यांपर्यंत तिची मजल जाते. मग एमा स्वतःची समजूत घालते की हॅरिएटला तल्लख म्हणायचं तर माणूस प्रेमात पार बुडालेला असला पाहिजे.

खोटा समज कसा काम करतो हे या एका वाक्यात सापडतं. पुरावा समोर आहे. तिच्या बुद्धीला तो दिसलाही, कारण ती हुशार आहे. पण तो समजाच्या विरुद्ध उभा राहण्याआधीच तिनं त्याला समजाच्या बाजूनं साक्षीला उभं केलं. आपल्या नायिकेला पुरावा दिसूच दिला नाही तर ती मठ्ठ वाटते. दिसला आणि तिनं त्याचा अर्थ फिरवला, तर ती माणूस वाटते. कोडं हॅरिएटला नव्हे तर एमाला उद्देशून होतं, हे चौकस वाचकाच्या इथेच ध्यानात येतं. पुढे तेराव्या प्रकरणात तिच्या बहिणीचा नवरा तोंडावर सांगतो की एल्टनचा डोळा तुझ्यावर आहे. अर्धवट माहितीवर माणसं कसे घोळ घालतात, याची गंमत वाटत एमा पुढे चालू लागते.

मग नाताळच्या आदल्या रात्री, बर्फ पडत असताना, वेस्टनांच्या घरून परतताना ती आणि एल्टन एका गाडीत येतात आणि एल्टन तिला मागणी घालतात. हॅरिएटचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही, म्हणतात. समजाला पहिला तडाखा बसला, पंधराव्या प्रकरणात, म्हणजे कादंबरीचा चौथा हिस्सा संपताना.

सोळावं प्रकरण लिहिणाऱ्यानं परत परत वाचावं असं आहे. एमा रात्री एकटी बसून विचार करते. तिला खरंच वाईट वाटतं. हॅरिएटचं आपण नुकसान केलं हे ती कबूल करते, पुन्हा कुणाची लग्नं जुळवायची नाहीत असं ठरवते. आणि हा निश्चय चालू असतानाच तिच्या मनात येतं की मग आता हॅरिएटला दुसरा कोण बरा? विल्यम कॉक्स? छे, तो आगाऊ वकील नको. इथे ती स्वतःच थांबते, लाजते, स्वतःशी हसते.

नवशिक्या हातात हे प्रकरण पश्चात्तापाचं झालं असतं आणि कादंबरी तिथेच संपल्यात जमा झाली असती. ऑस्टेन एमाला पश्चात्ताप देते, पण तो कृतीचा. समज तसाच राहतो. माझी नजर चुकीची आहे असा निष्कर्ष ती काढत नाही. मी हात घालायला नको होता, असा काढते. मी कुणाचं हस्तलिखित तपासतो तेव्हा समासात एक काम करतो: प्रत्येक धक्क्यानंतर नायिका स्वतःशी काय निष्कर्ष काढते ते एका वाक्यात लिहितो. ही वाक्यं एकाखाली एक वाचली की दोष लगेच दिसतो. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल तर कथानक जागच्या जागी फिरतंय. खरं वाक्य पहिल्याच धक्क्याला आलं असेल तर पुढची पानं कशासाठी आहेत, हे लेखकानं सांगावं. वाक्य दर वेळी बदलायला हवं, दर वेळी थोडं खऱ्याकडे सरकायला हवं आणि तरी चुकीचंच राहायला हवं.

जी परीक्षा समज पास होतो

दुसऱ्या खंडात ऑस्टेन एक धाडस करते. ती एमाच्या मूळ समजाची, म्हणजे प्रेम माझ्या स्वभावात नाही याची, सरळ परीक्षा घेते आणि समजाला पास करते.

फ्रँक चर्चिल गावात येतो. तरुण, देखणा, बोलका, मिस्टर वेस्टनांचा पहिल्या लग्नाचा मुलगा. सगळ्यांनी मनात त्याची आणि एमाची जोडी लावलेली आहे. एमालाही वाटतं की आपण थोडं प्रेमात पडलो आहोत. तो परत गेल्यावर ती बसून स्वतःची तपासणी करते. मनात त्यांचे संवाद रचते, पत्रं रचते, त्याच्या मागणीची कल्पना करते, आणि प्रत्येक कल्पनेच्या शेवटी ती त्याला नकार देत असते. मग ती प्रामाणिकपणे ठरवते की आपलं प्रेम काही फार नाही, आपलं सुख त्यावर अवलंबून नाही.

हा निष्कर्ष अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच घातक. ती फ्रँकच्या प्रेमात खरंच नाही. पण त्यातून तिचा मोठा समज पक्का होतो: बघा, इतका योग्य मुलगा समोर आला तरी मी शाबूत राहिले. चुकीच्या माणसावर घेतलेली परीक्षा बरोबर उत्तर देऊन गेली. कथानकात अशी एक तरी जागा हवी जिथं खोट्या समजाला पाठबळ मिळतं, नाहीतर परीक्षा एकतर्फी होते आणि लेखक नायिकेच्या विरुद्ध कट करतोय असं वाचकाला वाटू लागतं.

त्याच सुमारास खरी ठिणगी पडून जाते आणि ती एमाला दिसत नाही. कोल कुटुंबाच्या मेजवानीत मिसेस वेस्टन सहज म्हणतात की नाइटली गावात पाहुणी आलेल्या जेन फेअरफॅक्सशी लग्न करतील असं वाटतं. तिला आणायला त्यांनी आपली गाडी पाठवली होती. एमा एकदम उसळते. नाइटलींनी लग्न करता कामा नये! का? तर डॉनवेलचा वारसा बहिणीच्या मुलाला, छोट्या हेन्रीला मिळायला हवा. हेन्रीचा हक्क जाईल, हे ती इतक्या पोटतिडकीनं मांडते की स्वतःलाही ते खरं वाटतं. पुढे तिचं स्वतःचंच नाइटलींशी लग्न ठरतं तेव्हा हेन्रीच्या हक्काची तिला आठवणही होत नाही, आणि ऑस्टेन हे वाचकाच्या नजरेला आणून देते. मत्सर हा शब्द न वापरता मत्सर दाखवण्याची ही रीत मी अनेकांना वाचून दाखवली आहे. नायिकेला स्वतःची भावना ओळखता येत नसेल तर ती नाहीशी होत नाही. तिला दुसरं एखादं शोभेलसं कारण चिकटतं. लेखकाचं काम ते कारण शोधणं आहे, आणि ते नायिकेच्या वर्गाचं, घराचं, जबाबदारीचं असायला हवं. एमासारख्या जमीनदार घरातल्या मुलीला वारसाहक्क हेच कारण सुचणार.

पहिल्या चुकीची दुरुस्तीच दुसरी चूक घडवते

माझ्या मते सबंध कादंबरीतला सगळ्यात कुशल सांधा चाळिसाव्या प्रकरणात आहे.

त्याआधीच्या दोन घटना लक्षात ठेवाव्या लागतात. क्राउन इनमधल्या नाचात एल्टन, ज्यांचं आता दुसरीकडे लग्न झालं आहे, हॅरिएटबरोबर नाचायचं सगळ्यांदेखत टाळतात, आणि तिची फजिती होत असताना नाइटली पुढे होऊन तिला नाचायला नेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात जिप्सींची पोरं हॅरिएटला घेरतात आणि फ्रँक चर्चिल तिला सोडवून आणतो. दोन सुटका, दोन पुरुष, चोवीस तासांच्या आत.

मग हॅरिएट एमाकडे एक छोटं पुडकं घेऊन येते. त्यात एल्टनच्या आठवणी आहेत: त्यांच्या कापलेल्या बोटासाठी आणलेल्या चिकटपट्टीचा उरलेला तुकडा आणि शिसं संपलेल्या पेन्सिलीचं बूड. ती ते एमासमोर विस्तवात टाकते. काही दिवसांनी ती म्हणते की आता मी कधीच लग्न करणार नाही. ज्याच्याबद्दल मनात आहे तो फार वरचा आहे. एमा ओळखते, म्हणजे ओळखलं असं समजते. पण मागच्या वेळी तोंड पोळलेलं आहे. म्हणून ती ठरवते की यात पडायचं नाही आणि नावही काढायचं नाही. ती एवढंच म्हणते की त्यानं तुला जी मदत केली तिच्यामुळे हे साहजिक आहे. हॅरिएट कृतज्ञतेनं सांगते की हो, त्या क्षणी माझी सगळी वेदना सुखात पालटली. एमाच्या डोळ्यांपुढे फ्रँक आणि जिप्सी. हॅरिएटच्या डोळ्यांपुढे नाइटली आणि नाच. नाव न घेण्याची जी खबरदारी एमानं पहिल्या चुकीतून कमावली, तिच्यामुळेच दुसरी चूक होते, आणि ही चूक थेट तिच्या स्वतःच्या काळजाशी येऊन थांबणार आहे.

कथानक हळूहळू तपासतं म्हणजे काय, ते इथे कळतं. नुसते एकामागून एक धक्के दिले तर ती रांग होते, आणि रांगेतला कुठलाही धक्का काढून टाकला तरी काही बिघडत नाही. इथे एल्टनचं प्रकरण काढून बघा: एमा सरळ विचारेल, कोण गं तो? आणि सगळा गुंता तिथेच सुटेल. पहिल्या परीक्षेतला अर्धवट धडाच दुसऱ्या परीक्षेचं हत्यार होतो. आपल्या आराखड्यात एकेक प्रसंग असा काढून बघावा. काढल्यावर पुढचा प्रसंग तसाच्या तसा घडू शकत असेल, तर ते दोन प्रसंग एकमेकांना जोडलेले नाहीत.

बॉक्स हिलच्या सहलीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत असते. एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सना सगळ्यांसमोर टोचून बोलते, नाइटली गाडीपाशी तिला खडसावतात आणि ती घरी जाताना रडते. मूळ समजाशी या प्रसंगाचं नातं थेट नाही. पण दहाव्या प्रकरणात एमा जेव्हा लग्न न करण्याच्या बढाया मारत होती तेव्हा हॅरिएटनं घाबरून मिस बेट्सचंच उदाहरण दिलं होतं, आणि एमानं तेव्हाही त्यांना झटकून टाकलं होतं. एकटी राहिलेली बाई कशी दिसते हे तिच्या गावात रोज तिच्यासमोर होतं. बॉक्स हिलवर तिनं त्या बाईलाच दुखावलं. दुसऱ्या सकाळी ती स्वतः मिस बेट्सच्या घरी जाते. कृतीतून दिसणारा हा तिचा पहिला बदल आहे, आणि तो समज फुटायच्या आधी आलेला आहे. त्यामुळे पुढचा उलगडा आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

समज फुटतो तो क्षण

फ्रँक आणि जेन फेअरफॅक्सचा साखरपुडा आधीच गुपचूप झालेला होता, ही बातमी सेहेचाळिसाव्या प्रकरणात फुटते. एमाला वाटतं की हॅरिएट पुन्हा मोडून पडेल. सत्तेचाळिसाव्यात हॅरिएट येते ती शांत आहे. फ्रँकचा विचारही माझ्या मनात कधी नव्हता, ती सांगते. तिच्या मनात नाइटली आहेत, आणि त्यांनाही आपण आवडत असू अशी तिला आशा आहे.

नाइटलींनी आपल्याशिवाय कुणाशीही लग्न करता कामा नये, हे एमाला बाणासारखं लागतं. तिला स्वतःचं मन कळायला काही मिनिटं पुरतात.

हा समज कोण फोडतं ते बघा. नाइटलींच्या उपदेशानं तो फुटत नाही. ते पहिल्या प्रकरणापासून सांगत आले आणि त्याचा उपयोग झाला नाही. फोडते ती हॅरिएट, एमाच्या हातची, एमानंच डोक्यात भरलेल्या मोठेपणाच्या कल्पना घेऊन. तू कुणाहून कमी नाहीस, हे एमानंच तिला शिकवलं. आता शहाण्या पात्रानं आठव्या प्रकरणात नायिकेला सत्य सांगावं आणि तिनं ते तिसाव्यात मान्य करावं, अशी रचना पुष्कळ हस्तलिखितांत असते. ती फिकी पडते, कारण नायिका फक्त एक ऐकलेली गोष्ट उशिरा मान्य करते. इथे एमाला तिच्याच केलेल्या कामाचं फळ समोर उभं दिसतं.

नाइटलींबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ते नेहमी बरोबर असते तर कादंबरी असह्य झाली असती. फ्रँकवर ते त्याला बघण्याआधीच रागावलेले असतात, आणि त्याचं कारण मत्सर आहे हे त्यांना उशिरा कळतं. एमाचं फ्रँकवर प्रेम आहे या गैरसमजात ते शेवटपर्यंत वावरतात. ज्याच्या तोंडी सत्य घालायचं त्याचाही एक आंधळा कोपरा असावा, आणि जमलं तर तो नायिकेच्याच दिशेला असावा.

समज फुटला म्हणजे परीक्षा संपली असं नव्हे. एकोणपन्नासाव्या प्रकरणात नाइटली लंडनहून परत येतात, बागेत दोघं चालत असतात, ते काहीतरी सांगू पाहतात. हॅरिएटबद्दलच बोलणार अशी एमाची खात्री होते आणि ती त्यांना थांबवते. ते दुखावून गप्प होतात. मग घराशी आल्यावर एमा स्वतःहून आणखी एक फेरी मारायला सांगते आणि म्हणते की मित्र म्हणून तुम्हाला काय सांगायचं असेल ते मी ऐकेन. आपलं सुख हातचं जाणार असं समजून ती हे म्हणते. एमा बदलली आहे याचा कादंबरीतला खरा पुरावा सत्तेचाळिसाव्यातल्या जाणिवेपेक्षा या फेरीत आहे, कारण इथे तिला काहीतरी मोजावं लागतं. आणि मौज अशी की इथेही तिचा अंदाज चुकलेला आहे. नाइटलींना हॅरिएटबद्दल काहीच बोलायचं नसतं.

ही रीत कुठे तोकडी पडते

हे सगळं ऑस्टेनला जमतं याचं एक मोठं कारण निवेदन आहे. निवेदक तृतीयपुरुषी आहे, पण वाक्यं एमाच्या मनाच्या सुरात येतात. त्यामुळे तिचा गैरसमज वाचकाला बातमीसारखा मिळतो आणि त्याच वाक्यात शंकेला फटही राहते. एकेचाळिसाव्या प्रकरणात मात्र निवेदक एमाला सोडून नाइटलींच्या नजरेनं बघतो. वेस्टनांकडून कळलेली म्हणून फ्रँक एक बातमी बोलून जातो, आणि ती त्याला मुळात जेनकडून कळलेली असते. नाइटलींना संशय येतो. हे एक प्रकरण नसतं तर पुढचा उलगडा फसवणूक वाटला असता. प्रथमपुरुषी निवेदनात अशी खिडकी उघडता येत नाही. तिथे पुरावे वस्तूंमधून आणि इतरांच्या संवादांमधून जास्त पेरावे लागतात, आणि नायिकेनं ते नोंदवले पण तोलले नाहीत, अशा रीतीनं पेरावे लागतात. हे काम अवघड आहे आणि पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यातच जमतं.

दुसरी मर्यादा अशी की एमाचा समज तिला सुखात ठेवणारा आहे. ज्या नायिकेचा समज तिला कमी लेखणारा असतो, म्हणजे माझ्यामुळेच घर मोडलं किंवा मला काही जमत नाही असा, तिथे वाचक पहिल्या पानापासून तिच्या बाजूनं असतो आणि समज खोटा आहे हेही त्याला लगेच कळतं. मग खरा प्रश्न असा होतो की तो समज सोडला तर तिला कशाला तोंड द्यावं लागेल. बहुतेकदा उत्तर राग असतं, किंवा कुणाला तरी दोषी ठरवण्याची वेळ. ते उत्तर सापडेपर्यंत आराखडा पुढे नेऊ नये.

राहिली ती हॅरिएट. नाइटली आपल्याला मिळणार नाहीत हे कळल्यावर थोड्याच दिवसांत ती लंडनमध्ये रॉबर्ट मार्टिनला होकार देते, ज्याला एमानं पहिल्या खंडात नकार द्यायला लावला होता. हॅरिएटला मार्टिन पहिल्यापासून आवडत होता आणि तो तिच्यावर प्रेम करत राहिला, एवढं एमा शेवटच्या प्रकरणात मान्य करते. त्यापलीकडे हॅरिएटच्या मनात काय झालं हे तिला कायम न उलगडणारं राहणार, असं ऑस्टेन लिहून टाकते. स्वतःच्या मनाबद्दलचा समज कथानकानं दुरुस्त केला. दुसऱ्याचं मन वाचता येण्याचा मात्र नाही. एमाला ते आजही येत नाही. फरक इतकाच की आता तिला ते माहीत आहे, आणि हॅरिएटचं लग्न तिच्या मदतीशिवाय पार पडतं.